चेतन आला, पण पैसे एकट्या अमरलाच का?

बारावी वाणिज्यच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडणारा उदाहरणाचा फोटो बहुधा एकाच तऱ्हेचा असतो. पान मधोमध दुमडलेले, एका कोपऱ्यावर अंगठा, वरून ट्यूबलाइटची चकाकी आणि खाली एवढेच, ‘सर, हे जुळत नाहीये.’ पुस्तपालन आणि लेखाकर्म या विषयात ‘जुळत नाही’ या तक्रारीचा हुकमी धडा म्हणजे भागीदाराचा प्रवेश. जुन्या दुकानात नवा माणूस पैसे घेऊन येतो, एवढीच गोष्ट. पण त्या एका प्रवेशाने इमारतीपासून वीजबिलापर्यंत सगळे पुन्हा मोजावे लागते, आणि मोजून झाल्यावर कुणाचे किती, हे ठरवताना चांगले चांगले गडबडतात.

असाच एक फोटो घेऊ. अमर आणि भरत ३:२ या प्रमाणात नफा वाटून घेणारे भागीदार. ३१ मार्च २०२४ रोजीच्या ताळेबंदात देयतेच्या बाजूला अमरचे भांडवल १,५०,०००, भरतचे १,००,०००, सामान्य राखीव निधी २५,००० आणि धनको ६५,०००, बेरीज ३,४०,०००. संपत्तीच्या बाजूला बँकेत ३०,०००, ऋणको ६०,००० आणि त्यातून संशयित कर्ज निधीचे २,००० वजा, यंत्रसामग्री ८०,०००, इमारत १,२०,०००. मालसाठ्याची रक्कम नेमकी पानाच्या घडीत गेलेली.

ही हरवलेली रक्कम शोधायला दुसरा फोटो मागायची गरज नाही. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणजे संपत्तीचीही बेरीज ३,४०,०००च हवी. दिसणाऱ्या रकमा आहेत ३०,०००, ५८,०००, ८०,००० आणि १,२०,०००, म्हणजे २,८८,०००. उरले ५२,०००, तोच मालसाठा. इथे ऋणकोंचे साठ नव्हे, तर अठ्ठावन्न हजार धरायचे, कारण बेरजेच्या रकान्यात निधी वजा झालेलीच रक्कम उतरते. आतल्या रकान्यातले साठ हजार धरले तर मालसाठा पन्नास हजार निघेल आणि पुढचे सगळे गणित दोन हजारांनी सरकेल.

ताळेबंदातला एखादा आकडा असा परत मिळवता येतो. खाली दिलेल्या अटींना मात्र ही सोय नाही. अंधूक फोटोत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि एका शब्दाने अर्थ पालटतो. आपल्या फोटोत तिसरी अट आहे, ‘मालसाठ्याचे मूल्य ४८,००० पर्यंत कमी करावे.’ इथे ‘४८,००० ने’ असे वाचले तर बावन्न हजारांच्या मालातून चारच हजारांचा माल उरेल. उत्तर इतके विचित्र आले की वाचणाऱ्याने थांबून पुन्हा अट बघावी. ‘पर्यंत’ म्हटले की दिलेली रक्कम ही नवी किंमत असते आणि फरक आपण काढायचा. ‘ने’ म्हटले की दिलेली रक्कम हाच फरक.

बाकीच्या अटी अशा. १ एप्रिलपासून चेतनला १/५ हिस्सा देऊन भागीदार करून घ्यायचे. त्याने भांडवल म्हणून ८०,००० आणि ख्यातीतला आपला हिस्सा रोखीने आणायचा. संस्थेची ख्याती गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दुप्पट. नफे अनुक्रमे ४८,०००, ६०,००० आणि ७२,०००. इमारतीची किंमत २० टक्क्यांनी वाढवायची, यंत्रसामग्रीवर १० टक्के घसारा लावायचा, ऋणकोंवर ५ टक्के संशयित कर्ज निधी ठेवायचा, आणि पुस्तकात न नोंदलेले १,००० रुपयांचे थकीत वीजबिल विचारात घ्यायचे. तिघांचे नवे प्रमाण २:२:१.

गणित सुरू करण्याआधी इमारतीकडे जरा थांबून पाहू. पुस्तकात ती १,२०,००० ला आहे, पण आजचा भाव १,४४,०००. ही चोवीस हजारांची वाढ कधी झाली? अमर-भरत दुकान चालवत होते तेव्हा. चेतन तेव्हा चित्रातही नव्हता. पुस्तकातली किंमत तशीच ठेवून त्याला आत घेतले आणि पुढच्या वर्षी इमारत विकली, तर तो नफा तिघांत वाटला जाईल आणि पाचवा हिस्सा चेतन घेऊन जाईल. उलट बाजूही तितकीच खरी. यंत्र झिजले आहे, माल जुना होऊन उतरला आहे, मार्चपर्यंत जळलेल्या विजेचे बिल थकले आहे. हा तोटा चेतनच्या माथी मारणेही अन्यायाचेच. म्हणून तो उंबरठ्यावर असतानाच जुन्या दोघांनी आपला बरावाईट हिशेब मिटवायचा, त्यासाठी उघडायचे ते पुनर्मूल्यांकन खाते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यालाच नफातोटा समायोजन खाते असेही म्हणतात.

या विचाराला कायद्याचीही पुष्टी आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चे कलम ३१ दोन गोष्टी सांगते. एक, भागीदारांचा वेगळा करार नसेल तर सगळ्यांच्या संमतीखेरीज नवा भागीदार घेता येत नाही. दुसरी, नवा भागीदार त्याच्या प्रवेशाआधी संस्थेने केलेल्या कृत्यांना प्रवेशामुळे जबाबदार ठरत नाही. ते हजार रुपयांचे वीजबिल पुनर्मूल्यांकन खात्यात टाकून जुन्या दोघांवर घालायचे, यामागचा न्यायही असाच आहे.

खाते आता चटकन होते. जमेच्या बाजूला इमारतीचे २४,०००. नावेच्या बाजूला यंत्रसामग्रीचे ८,०००, मालसाठ्याचे ४,०००, वीजबिलाचे १,००० आणि संशयित कर्ज निधीचे १,०००. या शेवटच्या हजारापाशी सर्वांत जास्त पाय घसरतात. साठ हजारांवर ५ टक्के म्हणजे निधी ३,००० हवा, हे बरोबर. पण त्यातले २,००० आधीपासून बाजूला ठेवलेले आहेत. नव्याने तोटा म्हणून टाकायचा तो फक्त फरक. नावेची बेरीज १४,०००, जमेची २४,०००, नफा १०,०००. तो अमर आणि भरतला जुन्या ३:२ प्रमाणात, म्हणजे ६,००० आणि ४,०००.

सामान्य राखीव निधीचे २५,००० हेही जुन्या दिवसांचेच. पूर्वीच्या नफ्यातून न वाटता ठेवलेली ही रक्कम चेतन येण्याआधी दोघांनी आपापल्या भांडवल खात्यात नेली पाहिजे. पुन्हा ३:२, अमरला १५,०००, भरतला १०,०००. इथपर्यंत कुणाला काही अडत नाही.

खरी मेख ख्यातीत आहे.

ख्याती म्हणजे दुकानाच्या नावाला असलेली किंमत, बाजारात ज्याला सरसकट गुडविल म्हणतात ती. तिला वजन नाही की माप नाही, तरी भागीदारी अधिनियमाच्या कलम १४ ने तिला संस्थेच्या मालमत्तेत धरले आहे. ती मोजायची कशी, यावर मुंबईतला एक खटला प्रसिद्ध आहे. चर्चगेटसमोरचे इरॉस चित्रपटगृह आणि त्याचे उपाहारगृह यांच्या ख्यातीचा करासाठी हिशेब कसा करायचा, हा कंबाटा कंपनीचा वाद १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकला. न्यायालयाचे म्हणणे असे की जागेचा वाटा मोठा असतो, पण जागा म्हणजेच ख्याती नव्हे. सेवा, धंद्याची पत, चालवणाऱ्यांचा प्रामाणिकपणा, स्पर्धेचा अभाव अशा अनेक गोष्टी मिळून ती बनते. मुंबईकरांनी इथे पागडीचा विचार मनात आणू नये. पागडी जागेची असते, ख्याती धंद्याची.

परीक्षेतल्या उदाहरणाला एवढ्या खोलात जाण्याची चैन नसते. ते नफ्यावरून सरळ अंदाज बांधते. आपल्या तीन वर्षांच्या नफ्यांची बेरीज १,८०,०००, सरासरी ६०,०००, दुप्पट केली की १,२०,०००. ‘दुप्पट’ हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. दुकानाचे नाव आणखी साधारण दोन वर्षे असाच नफा मिळवून देईल, असा त्यामागे अंदाज असतो. प्रत्यक्ष व्यवहारात हा गुणक घासाघीस करून ठरतो. शिवाय सरासरी काढण्यापूर्वी नफा तपासावा लागतो. एखाद्या वर्षी जुना टेम्पो विकून आलेला फायदा त्यात मिसळला असेल तर तो वगळायचा, कारण तो दर वर्षी येणार नाही. मालक स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसत असेल तर त्याच्या कष्टाचा मोबदलाही नफ्यातून वजा करावा. नाही तर त्याच्या श्रमाची किंमत दुकानाच्या नावाला चिकटते.

चेतनचा हिस्सा १/५, म्हणून त्याने ख्यातीपोटी २४,००० आणायचे. आता प्रश्न येतो, हे चोवीस हजार कुणाला द्यायचे? सवयीने हात ३:२ कडे जातो. अमरला १४,४००, भरतला ९,६००. उत्तर नीटनेटके दिसते, आणि चूक असते.

चेतन हे पैसे कशाबद्दल देतो आहे ते पाहिले की कोडे सुटते. त्याला नफ्यातला पाचवा हिस्सा मिळतो आहे. तो कुणाच्या तरी ताटातून येणार. अमरकडे आधी ३/५ होते, आता २/५. त्याने १/५ सोडला. भरतकडे आधी २/५ होते, आताही २/५च. त्याने काहीच सोडले नाही. म्हणजे चेतनचा सगळा हिस्सा एकट्या अमरने दिला आहे, आणि चोवीस हजार पूर्णपणे त्याचेच. याला त्यागाचे प्रमाण म्हणतात: जुन्या हिश्श्यातून नवा वजा केल्यावर जे उरते ते.

यातला न्याय रुपयांत पाहिला की अधिक स्पष्ट होतो. साठ हजारांच्या सरासरी नफ्यात १/५ म्हणजे वर्षाला १२,०००. अमर दर वर्षी एवढे कमी घेणार. दोन वर्षांचे झाले २४,०००. चेतनने आणलेली रक्कम नेमकी तेवढी आहे, हा योगायोग नव्हे. ख्यातीची किंमतच दोन वर्षांच्या नफ्यावर बांधली होती. भरतचा वाटा मात्र जसाच्या तसा राहिला, मग त्याला ९,६०० कशाची भरपाई म्हणून द्यायचे?

ही गफलत इतकी का होते, याचे कारण पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांच्या घडणीत आहे. पुष्कळ उदाहरणांत नवे प्रमाण दिलेलेच नसते. नव्या भागीदाराला अमुक हिस्सा द्या, एवढेच म्हटलेले असते. अशा वेळी जुने भागीदार उरलेला नफा आपल्या जुन्याच प्रमाणात वाटून घेतात असे धरतात, आणि मग त्यागाचे प्रमाण आपोआप जुन्या प्रमाणाएवढे येते. अशी पाच-सहा उदाहरणे ओळीने सोडवली की ‘ख्याती जुन्या प्रमाणात’ हा नियम आहे असे वाटू लागते. नियम तो नाहीच. त्या उदाहरणांत दोन प्रमाणे फक्त सारखी निघाली होती.

याहून मोठी अडचण म्हणजे ही चूक ताळेबंद पकडत नाही. भांडवल खाती मांडून पाहू. अमरचे १,५०,००० मध्ये राखीव निधीचे १५,०००, पुनर्मूल्यांकनाचे ६,००० आणि ख्यातीचे २४,००० मिळवले की १,९५,०००. भरतचे १,००,०००, १०,००० आणि ४,००० मिळून १,१४,०००. चेतनचे ८०,०००. तिघांचे मिळून ३,८९,०००. त्यात धनको ६५,००० आणि थकीत वीजबिल १,००० घातले की देयतेची बाजू ४,५५,०००. संपत्तीकडे बँकेत जुने ३०,००० आणि चेतनने आणलेले १,०४,००० मिळून १,३४,०००. ऋणको निधी वजा जाता ५७,०००, मालसाठा ४८,०००, यंत्रसामग्री ७२,०००, इमारत १,४४,०००. बेरीज ४,५५,०००. जुळले.

आता ख्याती चुकीने ३:२ मध्ये वाटली असती तर? अमर १,८५,४००, भरत १,२३,६००. दोघांची बेरीज तीच, ३,०९,०००. ताळेबंद याही वेळी ४,५५,००० वर खटकन जुळला असता, आणि अमरचे ९,६०० रुपये भरतच्या खात्यात जाऊन बसले असते. उत्तरपत्रिकेत यासाठी गुण कापले जातात. खऱ्या दुकानात मैत्री कापली जाते.

उलट काही चुका ताळेबंद स्वतःहून सांगतो, फक्त फरकाचा आकडा नीट वाचायला हवा. संशयित कर्ज निधीचा जुना २,००० विसरून कुणी पूर्ण ३,००० तोट्यात टाकले, तर नफा १०,००० ऐवजी ८,००० येतो. देयतेची बाजू ४,५३,००० होते आणि संपत्तीची ४,५५,००० च राहते. फरक २,०००, म्हणजे नेमका जुना निधी. पहिल्या ताळेबंदात हाच आकडा कुठे आहे ते शोधले की चूक हाती लागते. ‘जुळत नाही’ असे लिहिणाऱ्यांनी फरक किती हेही लिहिले, तर समोरच्याला अर्धे उत्तर तिथेच दिसते.

आणखी एक गोष्ट अनेकांना खटकते. ख्यातीची किंमत १,२०,००० ठरली, मग ती नव्या ताळेबंदात संपत्ती म्हणून का दिसत नाही? कारण ती विकत घेतलेली नाही, धंदा करता करता आपोआप तयार झाली आहे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखांकन मानक २६ नुसार अशी घरात पिकलेली ख्याती पुस्तकात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. म्हणून चेतनचे २४,००० बँकेत येतात आणि थेट अमरच्या भांडवल खात्यात जमा होतात. मध्ये ख्यातीची संपत्ती उभी राहत नाही. जुन्या ताळेबंदातच ‘ख्याती’ असे एखादे कलम दिसले, तर आधी ते जुन्या भागीदारांत जुन्या प्रमाणात लिहून काढायचे. आणि नव्या भागीदाराने ख्यातीची रक्कम रोख आणली नाही, तर तेवढी त्याच्या खात्यावर नावे टाकून त्याग करणाऱ्याला जमा द्यायची. पैसा आला नाही म्हणून अमरचा हक्क बुडत नाही.

फोटोत सगळ्यात खाली आणखी एक ओळ होती, अर्धी कापलेली: ‘भागीदारांची भांडवले नव्या प्रमाणात’. पुढचे शब्द कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. ही ओळ बेरजेवरून भरून काढता येत नाही; इथे पानाचा तळ पुन्हा मागवावाच लागतो, कारण फरकाची रक्कम रोखीने द्यायची की चालू खात्याला न्यायची, हे त्या शब्दांवर ठरते. नव्या फोटोत पूर्ण अट आली: चेतनचे भांडवल पाया धरून सर्वांची भांडवले नव्या प्रमाणात करावीत आणि फरक बँकेमार्फत मिटवावा. चेतनचा १/५ म्हणजे ८०,०००, तर एकूण भांडवल ४,००,०००, आणि अमर व भरतचे प्रत्येकी १,६०,०००. अमरकडे १,९५,००० आहेत, म्हणून तो ३५,००० काढून घेतो. भरतकडे १,१४,००० आहेत, म्हणून त्याने ४६,००० आणायचे. ख्याती चुकीची वाटली असती तर अमरने २५,४०० च काढले असते आणि भरतने ३६,४०० आणून सुटका करून घेतली असती. बरोबर मांडल्यावर बँकेत १,४५,००० राहतात आणि ताळेबंद ४,६६,००० वर बंद होतो.